चेहरा आढळला नाही

"फोन सरळ धरा हं, अगदी उभा." हे वाक्य समीक्षा घरतने आजवर इतक्या लोकांना ऐकवलं होतं की झोपेत कुणी हलवून उठवलं असतं तरी तिच्या तोंडून तेच निघालं असतं. आवाज गोड. मुद्दाम लावलेला नव्हे, पण बारा महिने अनोळखी माणसांशी फोनवर बोलून बोलून तसा झालेला. समोरचा कितीही तडकला तरी ही शांत. ऑफिसातली पोरं म्हणायची, समीक्षाताईंना कुणी शिव्या दिल्या तरी त्या "अजून काही मदत करू का" विचारून फोन ठेवतील.

ऑफिस नवीन पनवेलमध्ये, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून मशीनची घरघर यायची, वर ही मंडळी वेबसाइट आणि अ‍ॅप बनवायची. शाळांची फी भरायची साइट, सोसायट्यांच्या तक्रारींची साइट, असली कामं. मालक निकेश, प्रोग्राम लिहिणारा रूपेश, आणखी दोन-तीन पोरं, आणि समीक्षा. तिचं काम म्हणजे बनलेली वस्तू वापरून बघायची आणि मग लोकांचे फोन घ्यायचे. थोडक्यात, जे कुणालाच करायचं नसतं ते. बी.कॉम. झालेली, लग्न होऊन गावातल्या गावातच राहिलेली बाई, घरापासून स्कूटरवर जवळ म्हणून इथे चिकटली आणि मग रुळली. तिचा एकच अभिमान होता. तिच्याकडे तक्रार घेऊन आलेला माणूस तिने कधी तसाच परत पाठवला नव्हता. जमलं नाही तर संध्याकाळी स्वतः फोन करायची, "झालं का हो तुमचं?" अशी माणसं हल्ली ऑफिसात सापडत नाहीत. सापडली तर त्यांना पगारवाढ मिळत नाही, एवढं खरं.

ती पनवेलजवळच्या विचुंब्याची. माहेर-सासर दोन्ही तिथेच, दोन्हीकडे घरतच. जिथे तिच्या वडिलांचं भातशेत होतं तिथे आता बिल्डिंगा आहेत आणि त्यातल्या एकीत ती स्वतः राहते. त्या शेतावर लावणीला जी बायामाणसं यायची ती डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतली. त्यांच्यातली भामा तिला लहानपणापासून ओळखायची. भामा करवंदं आणायची, खेकडे आणायची, आणि या पोरीला चिखलातून कडेवर घेऊन बांधावर ठेवायची. शेतं गेली, घरतांच्या घरी पैसे आले. वाडीत काय आलं? काही नाही. शेतावरची मजुरी तेवढी गेली. मग भामा नवऱ्यासोबत वीटभट्टीवर जायला लागली. दिवाळी झाली की जायचं, पावसाच्या आधी परतायचं. नवरा गेल्यावर एकटीच जाऊ लागली. आता ती साठीच्या आसपासची, म्हणजे दिसायला सत्तरीची. कारवीच्या कुडाची झोपडी, वर निळं प्लास्टिक.

तेवढ्यात ऑफिसला नवं काम मिळालं. एक संस्था वाडीवस्त्यांवरच्या लोकांना पक्कं घर बांधून देणार होती. अर्ज फोनवरून भरायचा. त्यात एक फोटो हवा. अर्ज करणारा माणूस स्वतःच्या झोपडीसमोर उभा, चेहरा स्पष्ट. खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून मशीनच चेहरा शोधणार. सापडला तर अर्ज पुढे, नाही सापडला तर परत. अशी तीन वेळा संधी. तिसऱ्यांदाही चेहरा सापडला नाही तर अर्ज बंद, मग थेट पुढच्या वर्षी. ही तीनाची अट संस्थेतल्या कुणीतरी गार हवेच्या खोलीत बसून घातली असणार, कारण ज्याला रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं तो असली अट घालणार नाही.

समीक्षाने ते सगळं तपासलं. तपासायची ऑफिसची पद्धत ठरलेली होती. कुणीतरी आपल्या फोनने फोटो काढायचा, ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, लॅपटॉपवर उतरवायचा आणि तिथून साइटवर चढवायचा. केबल शोधत कोण बसतो? ड्रॉवरमध्ये केबलींचा गुंता, त्यातली निम्मी बंद. रूपेशचा फोटो, निकेशचा गाडीसमोरचा फोटो, खालच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टचा हसरा फोटो, सगळे झटपट गेले आणि सगळ्यांचे चेहरे सापडले. समीक्षाने "सर्व ठीक" असं लिहून दिलं. तिने अजिबात आळस केला नव्हता. जसं काम चालत आलं होतं तसंच तिने केलं.

गणपती झाले आणि अर्ज सुरू झाले. वाड्यांवर फिरून अर्ज भरायचं काम संस्थेच्या भगवानकडे होतं. भगवान म्हणजे चिरनेरकडचा माणूस, मोटारसायकलवर दिवसभर डोंगर तुडवणारा, सरळ आणि भाबडा. त्याचा पहिला फोन आला तो वैतागूनच.

"म्याडम, फोटो पाठवायच्या आदी फोनमदे बगतो तवा माणूस उभा. पाठवला का आडवा होतो. ही भामाबाय बगा, झोपलेली दिसते. वर लिवलंय, चेहरा आढळला नाही."

समीक्षाने स्क्रीनवर अर्ज उघडला. खरंच, भामा आडवी. झोपडी आडवी, आभाळ एका बाजूला, जमीन दुसऱ्या बाजूला. नाव वाचून तिला आनंदच झाला. भामाला घर! आणि चूक तर उघड दिसत होती. माणूस आडवा दिसतोय म्हणजे फोन आडवा धरला असणार, आणखी काय असणार?

"फोन सरळ धरा हं, अगदी उभा," ती म्हणाली.

"मी उभाच धरला व्हता."

"पुन्हा एकदा बघा ना दादा. होतं असं घाईत."

भगवानने पुन्हा बघितलं. भामाला पुन्हा झोपडीपुढे उभं केलं, तिला डोक्यावरचा पदर मागे घ्यायला लावला, श्वास रोखून फोन उभा धरला आणि फोटो पाठवला. पुन्हा भामा आडवी, पुन्हा तेच वाक्य. दुसरी संधीही गेली. त्यात गंमत अशी की दुसऱ्या एका वाडीत ज्याने निष्काळजीपणे, झोपडी पूर्ण मावावी म्हणून फोन आडवा धरला होता त्याचा अर्ज एका दमात पुढे गेला होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. जे पुढे जातं त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ असतो? समीक्षाच्या टेबलावर फक्त अडलेलेच यायचे.

तिने रूपेशला विचारलं होतं. तो स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाला, "ताई, आपल्याकडे तर चालतंय. त्यांचे फोन भंगार असतात." समीक्षालाही ते पटलं. भगवानचा फोन होताच तसा, काच तडकलेली.

मग तिने जे केलं त्यावर खरं तर तिची पाठ थोपटायला हवी होती. रविवारी तिने स्कूटर काढली आणि स्वतः वाडीवर गेली, स्वतःचा नवा फोन घेऊन. भामाचा अर्ज तिसऱ्या खेपेला भगवानच्या तडकलेल्या फोनवर सोडायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

भामा दारातच बसली होती. ओळखलंन् तिने लगेच. "आगं बाय, घरतांची समी ना तू? केवढी झालीस!" म्हणाली आणि हाताला धरून बसवलंन्. चहा केला, बिनदुधाचा. समीक्षाने चहा प्यायला आणि म्हणाली, "भामामावशी, या वेळेला मी काढते फोटो. घर मिळालंच समज."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. पण माणूस प्रेमाने बोलून जातो.

तिने भामाला उन्हाच्या बाजूला उभं केलं. मागे कुडाची भिंत. भामाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि तोंड पाण्याने धुऊन पदराने पुसलं होतं. समीक्षाने फोन उभा धरला, दोन्ही हातांनी, पाटीवर सरळ रेघ मारताना पट्टी धरतात तसा. फोटो उत्तम आला. भामाच्या कपाळावरच्या गोंदणाचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत असे. तिने भामाला दाखवला, भामा लाजली. मग समीक्षाने पाठवण्याचं बटण दाबलं.

स्क्रीनवर भामा आडवी आली. खाली लाल अक्षरं: चेहरा आढळला नाही. तीन प्रयत्न पूर्ण. हा अर्ज बंद करण्यात आला आहे.

समीक्षाने फोन स्वतःकडे वळवून घेतला. "काय झाला?" भामाने विचारलं. "नेट नाही बहुतेक," समीक्षा म्हणाली. नेट चांगलं होतं.

सोमवारी ऑफिसात येऊन तिने तो फोटो हातचं काम टाकून घेतला. आधी नेहमीच्या सवयीने व्हॉट्सअ‍ॅपवरून लॅपटॉपवर उतरवला आणि साइटच्या चाचणीच्या भागात टाकला. भामा ताठ उभी. चेहरा आढळला. समीक्षा बघतच राहिली. काल जो चेहरा सापडला नाही तो आज त्याच फोटोत कसा सापडला? मग तिने ड्रॉवर उपसला, चालणारी केबल शोधली, फोन लॅपटॉपला जोडला आणि तोच फोटो थेट उचलून टाकला. भामा आडवी. चेहरा आढळला नाही.

"रूपेश," ती म्हणाली, "इकडे ये. आत्ता."

तिचा तो आवाज ऑफिसात कुणी ऐकला नव्हता. रूपेश आला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितल्याबरोबर त्याने कपाळावर हात मारला. मोठं काही नव्हतंच. फोन उभा धरून फोटो काढला तरी आतला कॅमेरा चित्र आडवंच साठवतो आणि फोटोसोबत एक छोटी नोंद ठेवतो, की दाखवताना हे एवढं फिरवून दाखवा. फोन ती नोंद वाचतो म्हणून फोटो सरळ दिसतो. यांच्या सर्व्हरवर मात्र आलेला मोठा फोटो जागा वाचावी म्हणून लहान केला जायचा, आणि लहान करणाऱ्या प्रोग्रामने ती नोंद वाचलीच नव्हती. आडवं चित्र आडवंच लहान केलं, नोंद टाकून दिली, आणि चेहरा शोधणाऱ्या मशीनपुढे ते आडवं चित्र ठेवलं. मशीनला उभे चेहरे शिकवलेले. कुशीवर पडलेलं तोंड त्याला तोंड वाटेना.

"आणि व्हॉट्सअ‍ॅप?"

"ते पाठवतानाच चित्र खरोखर फिरवून सरळ करतं. मग नोंदीची गरजच उरत नाही," रूपेश म्हणाला. "म्हणून आपल्याकडे कधी दिसलं नाही."

म्हणजे ज्याने फोन आडवा धरला तो सुटला. ज्याने सांगितल्याप्रमाणे उभा धरला तो बुडाला. आणि उभा धरा, उभा धरा, असं गोड आवाजात सांगत कोण बसलं होतं? समीक्षाला स्वतःच्या जिभेची किळस आली. शिव्या देणाऱ्या लोकांना ती आजवर शांतपणे ऐकून घेत होती. भगवानने एकदा तरी शिवी द्यायला हवी होती, म्हणजे कदाचित तिने त्याचं ऐकलं असतं. पण तो बिचारा "हो म्याडम" म्हणत फोन उभा धरत राहिला.

रूपेशने दुरुस्ती केली. लहान करण्याआधी नोंद वाचून चित्र सरळ करायचं, बस, एका ओळीचं काम. खालच्या दवाखान्यात एक दाढ निघेपर्यंत झालंसुद्धा. त्यानंतरचे सगळे फोटो सरळ येऊ लागले. राहिले ते आधी बंद झालेले अर्ज. त्यांची यादी समीक्षाने काढली आणि निकेशच्या केबिनमध्ये गेली.

"हे पुन्हा उघडायचे आहेत," ती म्हणाली. "चूक आपली होती."

निकेश काही राक्षस नव्हता. तिच्या मुलीच्या आजारपणात त्याने न विचारता सुट्टी दिली होती. त्याने यादी बघितली, डोळे चोळले. "अर्ज उघडायचा अधिकार संस्थेचा आहे, समीक्षा. आणि त्यांना काय सांगू? आमच्यामुळे एवढी माणसं बाहेर गेली म्हणून? पुढच्या जिल्ह्याचं काम ते आपल्यालाच देणार आहेत. हे कळलं तर देतील का? तुम्हा सगळ्यांचे पगार कुठून निघतात?"

"पण माणसं आहेत ती."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज येणारच आहेत. घर काही कुणी पळवून नेलेलं नाही." आणि त्याने संस्थेला दोन ओळींचा मेल केला. फोटो विभागात तांत्रिक सुधारणा केली आहे. कळावे.

समीक्षाने मग संस्थेत स्वतः फोन लावला. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या. "वाईट वाटलं ऐकून. तुमच्या कंपनीने चूक कंपनीचीच होती असं लेखी दिलं तर आम्ही बघू शकतो. तोंडी कसं चालेल?" लेखी निकेश देणार नव्हता. ती स्वतःच्या नावाने देऊ शकली असती. दोन दिवस तिने तो मेल लिहून ठेवला होता, मजकूर चांगला होता, एकही शब्द खोटा नव्हता. घराचा हप्ता, मुलीची दहावी, नवऱ्याची कळंबोलीच्या लोखंड बाजारातली आज आहे आणि उद्या नाही अशी नोकरी, हे सगळं तिने मनात फिरवून फिरवून पाहिलं आणि मेल पुसून टाकला. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर पाठवला असता का? देव जाणे. पण तिने पाठवला नाही आणि तेवढ्यात मुदत संपली.

दिवाळीनंतर ती वाडीवर गेली. सांगून तरी यावं, एवढंच मनात होतं. वाडीत टेम्पो उभा होता. भट्टीवर जाणाऱ्या माणसांची गाठोडी, पातेली, कोंबड्यांची टोपली वर चढत होती. भामाही निघाली होती. झोपडीच्या दाराला तिने काट्याची फांदी लावून ठेवली होती.

"मावशी, तुझं घर या वर्षी नाही झालं," समीक्षा म्हणाली. "तुझी काही चूक नव्हती. आमच्याकडची चूक होती. मशीनची, आमची."

भामा तिच्याकडे बघून हसली, लहान पोरीला समजावताना हसतात तशी. "तुमची कशी असंल बाय? तुमी शिकलेल्या. माजाच तोंड तसला." तिने दोन्ही तळहात पुढे केले. विटा उचलून गुळगुळीत झालेली बोटं, रेषा नावाला नाहीत. "रेशनला माजा अंगठा उठत नाय. आता तोंड बी उठत नाय. म्हातारी झाले, झिजले, आजून काय."

"असं नसतं गं मावशी."

"एकदा काढ आजून. आता मी हलनार नाय. तवा हलले असंन."

समीक्षाला नाही म्हणता आलं नाही. भामा टेम्पोपुढेच उभी राहिली, हात बाजूला, मान ताठ, डोळ्याची पापणी न लववता. समीक्षाने फोन उभा धरला, अर्ज उघडला आणि फोटो पाठवला. चित्र सरळ आलं. भामा, मागे टेम्पो, वर आभाळ, सगळं जिथल्या तिथे. खाली हिरवी अक्षरं: चेहरा आढळला. आणि त्याखाली लाल: हा अर्ज बंद करण्यात आला आहे.

भामाला वाचता येत नव्हतं. तिने स्वतःला उभं पाहिलं.

"गावला?" तिने विचारलं.

"गावला," समीक्षा म्हणाली.

"आगं गावला!" भामा टेम्पोतल्या बायांना ओरडून म्हणाली. "माजा तोंड गावला मशीनीला!" बाया हसल्या. कुणीतरी तिला हात दिला आणि ती वर चढली, गाठोड्यावर बसली. टेम्पो सुरू झाला तेव्हा तिला आठवण झाली. तिने वाकून विचारलं, "मंग बाय, घर कदी?"

"पुढच्या वर्षी, मावशी. नक्की," समीक्षा म्हणाली. तिच्या स्वतःच्या कानांना तो आवाज नीट ओळखू आला. ऑफिसात फोनवर लागतो तोच होता, गोड आणि शांत. आता एवढंच बाकी होतं की अजून काही मदत करू का, असं विचारायचं.